अंगठ्याखालचं घोडं

घोटावड्याच्या तालमीत लढत संपली की घोडं बांधायची रीत होती. धापा टाकणारा पैलवान लाल मातीच्या हौद्यातून बाहेर यायचा आणि मारुतीच्या तसबिरीपुढं उभा राहायचा. भिकू वस्ताद विहिरीचं गार पाणी तांब्यानं त्याच्या तोंडावर मारायचा आणि डाव्या हाताचा अंगठा त्याच्या जबड्याखाली, गळ्याच्या बाजूला, घट्ट रोवायचा. अंगठ्याखाली रक्त उसळत असायचं. ते लवकर निवलं की वस्ताद म्हणायचा, "बांधलं." म्हणजे काळजाचं घोडं थाऱ्यावर आलं, गडी तयार आहे. उशीर लागला तर म्हणायचा, "सुटलंय अजून." असा गडी त्या वर्षी जत्रेच्या फडात उतरत नसे. भिकूच्या वस्तादानं त्याचं घोडं असंच बांधलं होतं. आजूबाजूच्या गावांत त्या अंगठ्याला मान होता आणि त्याच्या निकालावर आजवर कुणी वाद घातला नव्हता.

यंदा जत्रेची शेवटची कुस्ती भिकूच्या मुलाची होती. जयसिंग विरुद्ध चांदे गावचा बहिरू. पिरंगुटच्या चौकापासून माणच्या कंपन्यांच्या फाटकापर्यंत दोघांचे फोटो लागले होते. जयसिंग गेल्या महिन्यात तापानं पडला होता, पण ताप उतरल्या उतरल्या हौद्यात आला. रोज घोडं बांधलं जात होतं. भिकू निर्धास्त होता.

जत्रेला थोडे दिवस राहिले असताना एका सकाळी निरंजन तालमीत आला. तो मूळचा परभणीचा. हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला होता आणि भिकूच्या घराच्या माडीवर भाड्यानं राहायचा. पहाटे पळायला जाताना तो छातीला एक पट्टा बांधायचा. त्या पट्ट्यामुळे मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके दिसायचे. पोरं त्याची टर उडवायची.

"निरंजनभाऊ, खोगीर आवळलं का नीट?" जयसिंग ओरडला.

"तू बांधून बघ की. तुझं तरी घोडं किती उधळतं ते दिसेल."

"आन हिकडं. आबा, आज तुमचा अंगठा आन् ह्याचं घड्याळ, दोघांची लावू कुस्ती."

पोरं हसली. भिकूही मिशीत हसला. जयसिंगनं पट्टा छातीला बांधला, दोर हातात धरला आणि वर चढला, उतरला, पुन्हा चढला. मग बैठका मारल्या. शेवटी घामानं निथळत तो तसबिरीपुढं उभा राहिला. निरंजन घड्याळ धरून त्याच्या अगदी जवळ आला होता.

"एकशे ऐंशीच्या वर," तो म्हणाला.

भिकूनं पाणी मारलं आणि अंगठा रोवला. घड्याळातला आकडा भराभर खाली येऊ लागला. दीडशेच्याही खाली आला.

"बगा," भिकू म्हणाला. "बांधलं. तुजं घड्याळ आता बोलतंय, माजा अंगठा कवाच बोललाय." आणि त्यानं हात काढून घेतला.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. निरंजन मात्र घड्याळाकडं बघत राहिला. "वस्ताद, थांबा. हे परत वर चाललंय."

अंगठा निघाला होता आणि आकडा चढत होता. जयसिंग नुसता उभा होता, हातपायही हलवत नव्हता, तरी आकडा जवळजवळ होता तिथं परत गेला. निरंजन मिनिटभर थांबला. मग हळूच म्हणाला, "मिनिटात आठच ठोके उतरले. माझ्यासारख्या खुर्चीत बसणाऱ्याचे तीस-पस्तीस उतरतात."

"घामानं बिघडलं आसंल," भिकू म्हणाला.

"असेल," निरंजन म्हणाला. त्यानं पट्टा काढून स्वतःला बांधला, तोच दोर दोन वेळा कसाबसा चढला आणि घड्याळ भिकूपुढं धरलं. अंगठा नाही, पाणी नाही, तरी आकडा जिना उतरावा तसा उतरत गेला. भिकूला आकड्यांचं फारसं कळत नव्हतं, पण उतरणं कळत होतं.

"चला रं, खुराकाला चला," तो पोरांवर खेकसला.

त्या दिवशी दुपारी तो एकटाच विहिरीवर गेला. पायऱ्या चढउतार करून त्यानं स्वतःला दम लागू दिला. मग आधी मनगटावर बोटं ठेवली, हलकी. ठोके दमदार पडत होते. नंतर त्यानं अंगठा स्वतःच्या गळ्यावर ठेवला, रोज पोरांच्या गळ्यावर रोवायचा तसा, आणि दाबला. मनगटावरचा ठोका अडखळला. मग जणू थांबलाच. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि विहिरीचा काठ त्याच्याकडं कलला. त्यानं घाईनं अंगठा काढला आणि दगडावर बसून राहिला. थोड्या वेळानं ठोके परत आले. पण आता त्याला नीट बसवेना.

घोडं शांत होत नव्हतं. अंगठाच त्याला दाबत होता.

भिकूचा पहिला विचार असा होता की आपण खुळे झालो. एवढ्या वर्षांचा हात, आणि आपल्या वस्तादाचा हात, तो खोटा कसा असेल? त्यानं दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता पडताळा घेतला. लढत झाल्यावर एकेका पोराचं मनगट हलक्या बोटांनी धरलं. "वस्ताद, बांगड्या घालताय का?" एकानं विचारलं. बाकीच्यांचे ठोके बोटांखाली ओसरत गेले, कुणाचे लवकर, कुणाचे जरा सावकाश. जयसिंगचं मनगट त्यानं शेवटी धरलं. ते धडधडत होतं. भिकू वाट बघत राहिला. बाकीची पोरं अंग पुसून बाहेर गेली तरी ते तसंच धडधडत होतं. मध्येच एखादा ठोका आधी पडायचा आणि त्यानंतर एक पोकळी यायची.

"आबा, सोडा की. किती वेळ?"

"तुला काय हुतंय का रं?"

"काय हुतंय मला?"

"दम?"

जयसिंगनं नजर चुकवली. "ताप आलेला न्हवं का. भरून निघंल."

"रातच्याला उशाला दोन उशा घेतोयस. आय म्हनत हुती."

"आयला दुसरं काम न्हाई."

तरुणपणी पौडच्या एका फडात भिकूनं एक गडी पाहिला होता. कुस्ती मारून तो फेटा बांधायला खाली बसला आणि परत उठलाच नाही. लोक म्हणाले, नजर लागली. भिकूच्या वस्तादानं कुस्तीच्या आधी त्याच्याही गळ्याला अंगठा लावला होता आणि "बांधलं" म्हटलं होतं. आजवर भिकूला या दोन गोष्टी एकापुढं एक ठेवाव्याशा वाटल्या नव्हत्या.

जत्रेच्या आदल्या दिवशी त्यानं जयसिंगला पिरंगुटच्या दवाखान्यात नेलं. मोटारसायकल निरंजननं चालवली, बाप आणि मुलगा मागं दाटीवाटीनं बसले. डॉक्टर गौतमी वयानं लहान दिसत होती. तिनं तापाचं विचारलं, दमाचं विचारलं, उशांचं विचारलं. मग जयसिंगला आडवं झोपवून छातीला तारा लावल्या आणि कागदाची पट्टी काढली. ती पट्टी तिनं दोन वेळा पाहिली. दुसऱ्या वेळी तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं भिकूनं पाहिलं.

"डॉक्टर, ते पळवायचं मशीन हाय न्हवं तुमच्याकडं?" जयसिंग उठून बसत म्हणाला. "त्याच्यावर घाला मला. पळून दावतो."

"मशीन आहे. पण तुम्हाला त्यावर चढवणार नाही."

"का? पडंल मशीन?"

डॉक्टर हसली नाही. "नुसतं पडून असताना तुमचे ठोके शंभराच्या वर आहेत. पैलवानाचे साठच्या आसपास असायला हवेत. पट्टीतही बदल दिसतायत. तापानंतर कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. आहेच असं मी म्हणत नाही, खात्री पुण्याला होईल. सोनोग्राफी आणि रक्त तपासून. पण सूज असताना जोर केला, तर ठोक्यांची लय एकदम बिघडू शकते. आणि मग वेळ मिळत नाही."

मग भिकूनं कसंबसं अंगठ्याचं सांगितलं, घोड्याचं सांगितलं. सांगताना त्याला लाज वाटत होती. डॉक्टर मान हलवत ऐकत होती.

"तुमचं घोडं चांगलं आहे वस्ताद, तेच घेऊन सांगते," ती म्हणाली. "हृदयाला दोन तऱ्हेच्या नसा असतात. एक लगाम, एक चाबूक. आपण बसलेलो असताना लगाम सतत थोडा ओढलेला असतो. कामाला लागलो की शरीर आधी लगाम सैल सोडतं आणि मग चाबूक मारतं. थांबलो की लगाम लगेच ओढला जातो. पहिल्या मिनिटात ठोके जे झपाट्यानं उतरतात, ते मुख्यतः त्या लगामामुळे. चाबकाचा जोर सावकाश ओसरतो, त्याला जास्त वेळ लागतो. हे सगळं आपल्याला न विचारता चालतं. तालीम केलेल्या माणसाचा लगाम मजबूत असतो, म्हणून त्याचे ठोके पटकन उतरतात. तुमच्या रीतीमागचा विचार बरोबरच आहे."

"मग अंगठा?"

"जिथं तुम्ही अंगठा लावता, तिथं गळ्याच्या धमनीत रक्ताचा दाब ओळखणारी जागा असते. ती बाहेरून दाबली की मेंदूला वाटतं दाब वाढला. मग मेंदू लगाम खेचतो. तोंडावर मारलेल्या गार पाण्यानंही थोडं तसंच होतं. म्हणजे लगाम त्याचा नसतो. तुमचा असतो."

भिकूनं आपला डावा हात मांडीखाली घेतला.

"आणि याचं मिनिटात आठच उतरतंय, त्याचा अर्थ..." निरंजननं विचारलं.

"दम लागल्यावर पळणं थांबवून सावकाश चालत राहिलं आणि मिनिटात बारासुद्धा उतरले नाहीत, तर आम्ही लक्ष देतो. तेवढ्यावरून रोग कळत नाही. झोप नसली, अंगात पाणी कमी असलं, ताप असला, तरी उशीर लागतो. पण तरण्या पैलवानाचे उतरत नाहीत, पडून असताना ठोके वाढलेले, दम लागतो, पट्टी अशी. हे सगळं एकत्र आल्यावर मला भीती वाटते." तिनं चिठ्ठी लिहिली. "आत्ताच पुण्याला न्या. गाडीची सोय करून देऊ का?"

"परवा जातो," जयसिंग म्हणाला. "उद्या कुस्ती हाय."

"कुस्ती नाही. जिना चढणंसुद्धा नाही."

"डॉक्टर, आमी फोटो लावल्यात. मी न्हाई उतरलो तर लोक म्हनतील, कुस्ती इकली. आबानं इकली म्हनतील."

"म्हनू देत," भिकू म्हणाला.

जयसिंगनं बापाकडं पाहिलं. असं वाक्य त्या तोंडून त्यानं कधी ऐकलं नव्हतं. दवाखान्याच्या दारात तो पडेल आवाजात म्हणाला, "बरं. घरला जाऊन कपडं घेऊ, आन् सकाळी निघू." डॉक्टरला ते पसंत नव्हतं. भिकूलाही नव्हतं. पण मुलगा मान खाली घालून हो म्हणत होता, आणि त्याला तिथंच ओढाताण करून चिडवायचीही भिकूला भीती वाटली.

सकाळी जयसिंगची आई सारजाबाई चहा घेऊन गेली, तर अंथरूण रिकामं.

"अवो," ती अंगणात येऊन एवढंच म्हणाली. खुंटीवरचा लंगोट नव्हता.

निरंजन शेजाऱ्याची जीप आणायला पळाला. पण देवळापुढच्या रस्त्यावर गर्दी दाटली होती, जीप तिथंच अडकली. भिकू उतरून चालू लागला, मग पळू लागला. हलगीचा आवाज लांबूनच येत होता. दर वर्षी त्या आवाजानं त्याच्या अंगात वारं भरायचं. आज एकेक टिपरी छातीवर पडत होती. वाटेत पोस्टरवरचा जयसिंग मांडी ठोकून उभा होता. भिकूनं तिकडं पाहिलं नाही. पोचू तेव्हा माणसं गोल करून खाली वाकलेली दिसतील, असं त्याच्या डोळ्यांपुढं पुन्हापुन्हा येत होतं.

माणसं वाकलेली नव्हती. शेवटच्या कुस्तीआधी दोन्ही पैलवान फडाच्या कडेला अंग गरम करत होते. बहिरू एका बाजूला, जयसिंग दुसऱ्या. जयसिंगच्या बैठका चालू होत्या.

"थांब!" भिकू ओरडला. "जयसिंगा, थांब!"

जयसिंग थांबला. तोंड लाल झालं होतं, पण ओठ पांढुरके. पंच जवळ आले, पोरं जवळ आली. कुणीतरी मागून म्हणालं, "वस्ताद आला. आता घोडं बांधनार."

"कुस्ती हुनार न्हाई," भिकू म्हणाला. "पोराला बरं न्हाई."

गर्दीत कुजबुज उठली. "आजवर बरा हुता की!" "चांद्याकडनं सांगावा आला व्हय?" कुणीतरी हसलं.

जयसिंगचे डोळे भरून आले. "आबा, अंगठा लावा," तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सगळ्यांम्होरं लावा. बांधलं तर लढतो. सुटलं आसंल तर आत्ता लंगोट सोडतो. तुमचीच रीत हाय."

हलगी थांबली होती. भिकूनं मुलाच्या गळ्याकडं पाहिलं. जबड्याखाली शीर उडताना दिसत होती. अंगठा ठेवला आणि दाबला की सगळं सोपं होणार होतं. घोडं बांधलं जाणार होतं, गर्दी टाळ्या वाजवणार होती. आणि मग मुलगा हौद्यात जाणार होता.

किंवा नुसता अंगठा ठेवून "सुटलंय" म्हणावं? पण अंगठा दाबलाच नाही, हे जयसिंगला कळलं असतं. मग आज ना उद्या तो दुसऱ्या कुठल्या फडात उतरला असता, जिथं भिकू नसता.

"अंगठा खोटा हाय," भिकू म्हणाला. "आजवर जितक्यांचं घोडं बांधलं, माज्या दाबानं बांधलं. मला म्हाईत न्हवतं. काल डॉक्टरनं सांगितलं." त्यानं जयसिंगचा उजवा हात धरला आणि त्याचीच बोटं त्याच्या डाव्या मनगटावर ठेवली, अंगठ्याच्या मुळाशी. "मी लावत न्हाई. तूच बघ. दाबू नगंस. नुसतं ठिव."

जयसिंगनं बोटं ठेवली. लोक थांबले. कुणाला काय चाललंय ते कळत नव्हतं.

तेवढ्यात बहिरू फड ओलांडून आला. उंचापुरा, शांत चेहऱ्याचा. "काय चाललंय वस्ताद?"

"ठोकं बगतोय."

"कसं बगायचं?"

निरंजन धापा टाकत गर्दीतून आत आला होता. "दम लागल्यावर थांबायचं आणि ठोके उतरतात का ते बघायचं," तो म्हणाला.

बहिरूनं क्षणभर विचार केला. मग जागीच झपाट्यानं बैठका मारल्या, चांगला दम लागेपर्यंत, आणि जयसिंगपुढं मनगट धरलं. "घे. माजंबी बग. मग कुनी म्हनायला नगं, चांद्यानं काय केलं म्हनून."

जयसिंगनं एका हाताची बोटं बहिरूच्या मनगटावर ठेवली. दुसरा हात भिकूनं उचलून जयसिंगच्याच छातीवर टेकवला, तळवा छातीला लावून. एका हाताखाली बहिरूचं रक्त, दुसऱ्या हाताखाली त्याचं स्वतःचं.

भिकू मुलाच्या चेहऱ्याकडं बघत होता. बहिरूनं बैठका आत्ता थांबवल्या होत्या, जयसिंगनं मघाशीच. आधी जयसिंगच्या कपाळाला रागाच्या आठ्या होत्या. मग त्या हळूहळू सुटल्या. बहिरूचं घोडं उतरत होतं, ते बोटांना कळत असणार. दौड, मग दुडकी, मग चाल. आणि छातीवरच्या तळव्याखाली दौड तशीच. मध्येच जयसिंगचे डोळे एकदम मोठे झाले. भिकूला कळलं, ती पोकळी आली असणार. तिची चव त्याला माहीत होती.

"आबा," जयसिंग म्हणाला. त्याचा आवाज लहानपणचा झाला होता. "ह्ये थांबंना."

"व्हय बाळा."

"ह्याचं थांबलं. माजं थांबंना. आबा, मला भ्या वाटतंय."

"मलाबी वाटतंय. खाली बस. हळू."

जयसिंग मातीत बसला. गर्दीतल्या कुणाला हसू आलं नाही. बहिरूनं पंचांकडं वळून दोन्ही हात हलवले, कुस्ती नाही. मग खाली वाकून जयसिंगच्या खांद्यावर मूठभर माती टाकली. "फुडच्या वरसाला. मी थांबतो. पर नीट हून ये, न्हायतर काय मजा?"

हलगी पुन्हा वाजू लागली, पण वाजवणाऱ्याचा हात हलका होता. चौघांनी जयसिंगला चालू न देता उचलून जीपमध्ये ठेवलं. सारजाबाई आधीच मागच्या बाजूला बसली होती, मांडीवर दोन उशा घेऊन. त्या तिनं त्याच्या पाठीशी लावल्या.

जीप पुण्याच्या रस्त्याला लागली. भिकूनं मुलाचं मनगट हातात घेतलं, हलकं, जणू पिलू धरलंय. ठोके धडधडत होते. घोटावडे मागं पडलं, पिरंगुटचा चौक मागं पडला. चौकातल्या पोस्टरचा एक कोपरा सुटून वाऱ्यानं उडत होता. मधूनच ती पोकळी यायची आणि प्रत्येक वेळी भिकूला वाटायचं, आता पुढचा ठोका येणार नाही. तो यायचा. घाट चढताना जयसिंगनं डोळे उघडले.

"आबा, बांधलं का?"

भिकूच्या तोंडात तो शब्द आला होता. आयुष्यभर त्यानं तो किती सहज उच्चारला होता. आत्ता म्हटला असता तर मुलाला बरं वाटलं असतं.

"न्हाई," तो म्हणाला. "सुटलंय अजून. बोलू नगंस. मी धरून बसलोय."

जयसिंगनं डोळे मिटले. निरंजननं मागं वळून न बघता गाडीचा वेग थोडा वाढवला.